अहवालात ‘ई. कोलाय आढळले’ याचा अर्थ काय?

आमच्या प्रयोगशाळेचा पाण्याचा अहवाल हातात आला आणि ई. कोलायच्या ओळीत ‘आढळले’ असं दिसलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: या जंतूने आम्ही आजारी पडणार का? त्या जंतूने, बहुधा नाही. एश्चेरिशिया कोलायचे काही मोजके प्रकार सोडले तर बाकीचे निरुपद्रवी असतात आणि प्रत्येकाच्या आतड्यात ते मोठ्या संख्येने मुक्कामाला असतात. थिओडोर एशेरिख या डॉक्टरांनी १८८५ मध्ये या जीवाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते तान्ह्या बाळांच्या शीचा अभ्यास करूनच. तेव्हा तो पाण्यात सापडला म्हणजे माणसाची किंवा जनावराची, पक्ष्याची विष्ठा त्या पाण्यापर्यंत पोचली आहे. काळजी करायची ती या वाटेची. कारण विषमज्वराचे, पटकीचे, हगवणीचे जंतू आणि काविळीचे काही विषाणू याच वाटेने येतात.

मग थेट रोगजंतूच का शोधत नाही? एक तर ते अनेक आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळी पद्धत लागते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विषमज्वराचा जंतू मैल्यात येतो तो कुणीतरी रुग्ण किंवा वाहक असेल तेव्हाच. ई. कोलाय मात्र निरोगी माणसांच्या विष्ठेतही असतो, आणि तोही भरपूर. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम विष्ठेत साधारण १० कोटी ई. कोलाय धरू. ती १०,००० लिटरच्या टाकीत नीट मिसळली, तर दर १०० मिलीमध्ये १,००० ई. कोलाय येतील. त्याच्या हजारपट पातळ झालेल्या पाण्यातही १०० मिलीला सरासरी एक मिळेल. रोगजंतू त्या मैल्यात असलाच तरी संख्येने कितीतरी कमी असतो, आणि एका बाटलीत तो नेमका सापडेल याची खात्री नसते. पिण्याच्या पाण्यासाठी ‘१०० मिलीमध्ये ई. कोलाय आढळू नये’ अशी अट असते ती यामुळेच.

चांगल्या निर्देशक जीवाणूकडून अपेक्षा तशा थोड्याच असतात: विष्ठेत तो नेहमी आणि भरपूर असावा, इतरत्र नसावा, पाण्यात वाढू नये, रोगजंतूंइतका तरी टिकावा आणि साध्या चाचणीत ओळखता यावा. पूर्वी ‘एकूण कोलिफॉर्म’ या जीवाणूंच्या मोठ्या गटावरच भिस्त असे, ई. कोलायही त्यातच मोडतो. पण या गटातले क्लेब्सिएला, एंटरोबॅक्टर यांच्यासारखे सदस्य मातीत, पालापाचोळ्यात आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरातही मजेत राहतात. म्हणून फक्त एकूण कोलिफॉर्म आढळले तर स्वच्छतेत किंवा क्लोरीनमध्ये त्रुटी आहे असं म्हणता येतं, विष्ठा मिसळली असं नाही. ई. कोलाय सहसा पाण्यात वाढत नाही आणि काही दिवस ते काही आठवड्यांत मरतो, म्हणून तो सापडला तर प्रदूषण अलीकडचं समजावं. उष्ण प्रदेशातल्या ओलसर मातीत तो तग धरून वाढल्याचंही आढळलं आहे. म्हणजे निकष शंभर टक्के निर्दोष नाही. पण पिण्याच्या पाण्यात तो सापडल्यावर ‘मातीतून आला असेल’ म्हणून सोडून देणं आम्हाला मान्य नाही.

चाचणीत आम्ही १०० मिली पाण्यात पोषक पावडर मिसळून ते ३५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतो. कोलिफॉर्म असतील तर पाणी पिवळं होतं. ई. कोलायच्या जवळजवळ सगळ्या प्रकारांकडे ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर असतं. ते पावडरीतला एक घटक तोडतं आणि मग अतिनील दिव्याखाली तीच बाटली निळसर चमकते. पिवळी पण न चमकणारी बाटली म्हणजे कोलिफॉर्म आहेत, ई. कोलाय नाही.

आता एका इमारतीचं उदाहरण घेऊ. पाणी बाहेरच्या नळजोडातून जमिनीखालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून घरोघरी उतरतं. समजा चार ठिकाणांचे नमुने असे आले. नळजोडावर क्लोरीन ०.३ मिलीग्रॅम प्रतिलिटर, कोलिफॉर्म शून्य. जमिनीखालच्या टाकीत क्लोरीन शून्य, दर १०० मिलीला एकूण कोलिफॉर्म ८०, ई. कोलाय १४. एका स्वयंपाकघरातल्या नळाला कोलिफॉर्म ६०, ई. कोलाय ९. त्याच घरातल्या फिल्टरच्या पाण्यात कोलिफॉर्म २५, ई. कोलाय शून्य.

येणारं पाणी चांगलं आहे, बिघाड जमिनीखालच्या टाकीत आहे. तिथलं क्लोरीन संपलं, कारण आत येणाऱ्या घाणीने ते खाऊन टाकलं. तिथे भिंतीची चीर, झाकणाची फट, ओव्हरफ्लोचा पाइप आणि शेजारून जाणारी सांडपाण्याची लाइन हे आधी पाहायचं. फिल्टरची गोष्ट वेगळी: त्याच्या आत जमलेल्या थरात कोलिफॉर्म वाढत असावेत. तो साफ करावा किंवा काडतूस बदलावं, पण त्यामुळे टाकीतला दोष जात नाही.

दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्यावं. चीर बुजवून, टाकी घासून झाल्यावर ती भरून दर १,००० लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन द्यावं. २५ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर असेल तर ती २०० ग्रॅम लागते. २४ तासांनी ते पाणी काढून टाकावं, तोवर कुणी पिऊ नये. चीर तशीच ठेवून नुसती पावडर टाकली तर पुढचा अहवाल स्वच्छ येईल आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ई. कोलाय परत दिसेल. म्हणून फेरतपासणी क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आल्यावर एकदा आणि जोरदार पावसानंतर पुन्हा एकदा करावी.

नमुना घेतानाच्या चुकीने निकाल दोन्ही बाजूंना फिरतो. आमच्या निर्जंतुक बाटलीच्या तळाशी थोडी पांढरी पूड असते, ती धुऊन टाकू नका. ते सोडियम थायोसल्फेट आहे. बाटलीतलं क्लोरीन ते लगेच निष्प्रभ करतं. ते नसेल तर येता येता क्लोरीन जंतू मारत राहतं आणि खराब पाणीही चांगलं दिसतं. उलट नळाची जाळी न काढता किंवा झाकणाच्या आत बोट लावून नमुना घेतला, तर चांगलं पाणी खराब ठरतं. जाळी काढा, नळाचं तोंड पुसून निर्जंतुक करा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. वर थोडी रिकामी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, २४ तासांनंतर आम्ही नमुना घेत नाही.

ई. कोलाय शून्य आला तरी एक शंका उरते. क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया या परजीवींची कवचं क्लोरीनला ई. कोलायपेक्षा फार चिवट असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे, आणि तेव्हा प्रक्रिया केलेल्या पाण्यात कोलिफॉर्म आढळले नव्हते. पाण्याचा गढूळपणा मात्र वाढलेला होता. म्हणून तुमचं पाणी नेहमीपेक्षा गढूळ दिसत असेल तर नमुन्यासोबत तसं लिहून द्या. आम्ही गढूळपणा मोजतो आणि लागल्यास क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणूही तपासतो, कारण तेही क्लोरीनला सहज दाद देत नाहीत.