फ्रेंच डिस्क्रिप्शन आणि शब्दाला शब्द

"इंग्रजी डिस्क्रिप्शन चांगलं असेल तर ते तसंच फ्रेंचमध्ये करा, माल विकला जातो."

ऑनलाइन विकायच्या वस्तूंच्या डिस्क्रिप्शनबद्दलचा हा मेसेज मुंबईतल्या एक्स्पोर्टवाल्यांच्या ग्रुपवर कायम फिरतो, आणि पटतोही, कारण वस्तू तर तीच असते ना. पण समजा धारावीतली लेदर बॅग आहे. इंग्रजी कॉपी म्हणते, ही अफलातून बॅग तुम्हाला वेड लावेल, आजच घ्या! हे जसंच्या तसं फ्रेंचमध्ये नेलं की स्वस्तातल्या जाहिरातीसारखं वाटतं. तिथे सहसा आवाज खाली आणून माहिती वर आणतात: लेदर कुठलं, अस्तर कसलं, तेरा इंची लॅपटॉप मावतो का, आणि मग विशेषण एखादंच, तेही नेमकं.

दुसरं, संबोधन. फ्रेंचमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे, आपल्यासारखेच. दुकानाने एक ठरवायचं आणि शेवटपर्यंत, अगदी ऑर्डरच्या मेलपर्यंत तेच ठेवायचं. बटणावरचं "Ajouter au panier", म्हणजे 'कार्टमध्ये टाका', मात्र दोन्हीकडे चालतं, कारण तिथे क्रियापद मूळ रूपातच असतं.

शिवाय फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा बहुधा लांबतो, त्यामुळे टायटल मोबाईलवर मधेच कापलं जातं, तेव्हा वस्तूचं नाव आधी. किंमत "49,90 €" अशी, दशांशाला स्वल्पविराम आणि € च्या आधी स्पेस.

खात्री करायची तर तीन फ्रेंच दुकानांची तसल्याच बॅगेची पानं उघडा, पहिल्या दोन ओळी कशाबद्दल आहेत एवढंच बघा, भाषांतराचं ॲप लावलंत तरी कळतं. नंतर आपलं पान एखाद्या फ्रेंच माणसाला मूळ इंग्रजी न दाखवता वाचायला द्या आणि विचारा, कुठे अडखळलात?