ऐकीव गोष्ट कोर्टात चालतच नाही?

“दुसऱ्याने सांगितलेलं साक्षीदाराने सांगितलं की ते ऐकीव, बाद, बरोबर ना?”

नाही, आधी बघायचं की ते कशासाठी सांगतोय. समजा अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात कामगाराला शॉक बसला आणि शेजारच्या मागावरचा साक्षीत म्हणतो, “आदल्या दिवशी जॉबर मालकाला सांगत होता, वायर उघडी आहे, मी ऐकलं.” वायर खरंच उघडी होती हे यातून सिद्ध करायचं असेल तर ते ऐकीव, त्यासाठी जॉबरलाच किंवा वायर बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला उभं करा, कारण उलटतपासणी त्याचीच व्हायला हवी. पण मालकाला धोका माहीत होता का हा मुद्दा असेल तर तेच वाक्य चालतं! बोलणं झालं हे त्याने स्वतःच्या कानाने ऐकलंय, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ५५ प्रमाणे तो थेट पुरावाच, आणि माहिती असणं कलम १२ खाली संबद्ध.

आणि शॉकने जॉबरच गेला असेल तर? मग मृत्यूच्या कारणाबद्दलचं त्याचं बोलणं कलम २६ खाली खरेपणासाठीही येऊ शकतं. अर्थात दाखल झालं म्हणजे कोर्टाने विश्वास ठेवला असं नाही, ते वजन नंतर ठरतं.