एका जागेत घडला म्हणून तो बॉटल एपिसोड होत नाही

सिरीजवर गप्पा सुरू झाल्या की हा घोळ हमखास होतो. अख्खा एपिसोड एका खोलीत घडला की लोक लगेच म्हणतात, हा बॉटल एपिसोड. पण एका जागेत घडणारा एपिसोड आणि बॉटल एपिसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही एपिसोड दोन्ही असतात, त्यामुळेच गोंधळ होतो. एका जागेत घडणं ही गोष्टीची रचना झाली, ती बघणाऱ्याला दिसते. बॉटल एपिसोड हा मात्र मुळात पैसे वाचवायचा मार्ग आहे, म्हणजे सिरीजचे जे सेट आधीच उभे आहेत तेच वापरायचे, नेहमीचेच कलाकार घ्यायचे, पाहुणे कलाकार जवळजवळ नाहीत, बाहेरचं शूटिंग शक्य तितकं टाळायचं.

'साइनफेल्ड'चा 1991 मधला 'द पार्किंग गराज' घ्या. सिरीजमधले चौघं मित्र मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली तेच विसरलेत आणि अख्खा एपिसोड ती शोधत फिरतात. बघताना वाटतं की किती स्वस्तात उरकलंय, चार माणसं आणि काँक्रीटचे खांब, बास. प्रत्यक्षात ते पार्किंग स्टुडिओत उभं केलं होतं, त्याला जागा व्हावी म्हणून त्यांच्यातल्या जेरीच्या घराचा नेहमीचा सेट काढावा लागला, आणि पार्किंग लांबवर पसरलंय असं वाटावं म्हणून आरसे लावले. म्हणजे बॉटल एपिसोडच्या बरोब्बर उलट, उभा सेट मोडून नवा बांधला. एक जागा इथे हवी होती ती गोष्टीसाठी.

आता दुसरीकडे 'ब्रेकिंग बॅड'चा 'फ्लाय', 2010 चा, तिसऱ्या सीझनमधला दहावा. (पुढे स्पॉयलर आहेत.) बजेट पार हाताबाहेर गेलं होतं आणि युनिटला दुसऱ्या लोकेशनवर हलवणंही परवडणारं नव्हतं, असं सिरीजचा कर्ता व्हिन्स गिलिगनने स्वतः सांगितलंय. बाहेर शूट करायचं म्हणजे ट्रक, लाइट, कॅमेरे, माणसं सगळं उचलून न्यायचं, तिथे परत मांडायचं, आणि त्या वेळात एकही शॉट होत नाही पण पैसे सगळ्यांचे चालू. म्हणून लेखकांनी ड्रग्ज बनवणाऱ्या वॉल्ट आणि जेसीला त्यांच्या लॅबच्या सेटमध्येच ठेवलं आणि सोबत एक माशी सोडली.

गंमत म्हणजे हा एपिसोड शंभर टक्के एका जागेत नाहीच, सुरुवातीला आणि शेवटी वॉल्ट घरी जागाच पडलेला दिसतो. तरी तो पक्का बॉटल एपिसोड आहे.

बरेच जण याला उगाच भर घातलेला एपिसोड म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. माशीमुळे माल खराब होईल या वेडाने वॉल्ट काम बंद पाडतो, तो कित्येक तास झोपलेला नाही, जेसी त्याच्या कॉफीत झोपेच्या गोळ्या टाकतो, आणि मग गुंगीत वॉल्ट बोलायला लागतो, आपण नेमकं कधी मरायला हवं होतं, जेसीची मैत्रीण जेन ज्या रात्री गेली त्या रात्री तिच्या वडिलांशी बारमध्ये योगायोगाने कशी भेट झाली. जेसी माशी मारायला डगमगत्या शिडीवर चढलाय, शिडी वॉल्टने धरलीये, जेनला मरताना बघत तो नुसता उभा राहिला होता हे आपल्याला माहितीये पण जेसीला नाही, आणि तेवढ्यात वॉल्ट म्हणतो की जेनबद्दल मला वाईट वाटतं. पुढचं वाक्य बाहेर पडलं तर सगळं संपलं! यात पाठलाग नाही, बंदूक नाही, तरी श्वास अडकतो. नेहमीच्या एपिसोडमध्ये वॉल्टला निसटायला शंभर वाटा असतात, फोन वाजतो, कुणीतरी येतं, सीन बदलतो. इथे तसं काहीच होत नाही आणि लेखकांना नेमकं तेच हवं असतं.

अशा एपिसोडमध्ये लेखकाला खरं अवघड जातं ते पात्रं निघून का जात नाहीत याचं कारण शोधणं. 'कम्युनिटी'च्या 2010 मधल्या 'कोऑपरेटिव्ह कॅलिग्राफी'मध्ये कॉलेजच्या अभ्यासगटातल्या ॲनीचं पेन हरवतं, ते सापडेपर्यंत कुणी स्टडी रूम सोडायची नाही, एवढंच कारण. पण पेनाचा प्रश्न हळूहळू 'आपल्यातलाच कुणीतरी चोर आहे' इथे येतो, म्हणून जो उठून जाईल तोच संशयित, आणि मग दाराला कुलूप लागतच नाही. हे कारण पात्रांच्या आतून आलेलं आहे. जिथे नुसती लिफ्ट अडकते किंवा दार लॉक होतं आणि आत कुणाकडे लपवण्यासारखं काहीच नसतं, तिथे पंधराव्या मिनिटाला कळतं की लेखकाकडे खोली होती, गोष्ट नव्हती.

ओळखायचं असेल तर एवढंच बघा, ही जागा आधीच्या एपिसोडमध्ये दिसली होती का आणि नवे चेहरे किती आहेत. 'साइनफेल्ड'चाच 'द चायनीज रेस्टॉरंट' यावर तपासा, चौकडीतले तिघं टेबलाची वाट बघत ताटकळतात, क्रेमर नाहीच, जागा एकच, पण रेस्टॉरंट नवं आणि तिथला मॅनेजरही नवा, म्हणजे एका जागेतला एपिसोड नक्की, बॉटल नाही.