पोझिशनमधलं कोरिलेशन: अनेक सौदे आणि एकच डाव

बाजारात एकाच वेळी चालू असलेल्या सौद्यांचा नफा-तोटा एकमेकांसोबत किती हलतो, त्याचं माप म्हणजे पोझिशनमधलं कोरिलेशन. हे माप -1 पासून +1 पर्यंत जातं. +1 म्हणजे दोन्ही सौदे कायम एकाच दिशेने, ठरलेल्या प्रमाणात हलतात, -1 म्हणजे नेमके उलट, आणि 0 म्हणजे दोघांत सरळ रेषेतला संबंध नाही. मोजायचं असतं ते नफ्या-तोट्याचं, नुसत्या भावाचं नाही. सोयाबीन घेतलं आणि सोया तेल विकलं तर दोघांचे भाव बहुतेक सोबत हलतात, पण नफा-तोटा एकमेकाला कापतो. याच्या उलट, निफ्टीचं फ्युचर घेतलं, बँक निफ्टीचा पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क, विकला आणि रुपयासमोर डॉलर विकला, तर एक खरेदी, दोन विक्री आणि तीन वेगळी नावं दिसतात, पण तिन्ही सौदे "बाजार शांत राहील, बाहेरचा पैसा येत राहील" या एकाच अपेक्षेवर उभे असतात.

या मापाचा जनक कोण, यावर जुना वाद आहे. फ्रेंच गणिती ओग्युस्त ब्रावे यांनी 1846 मध्ये छापलेल्या निबंधात मोजमापातल्या चुकांचं गणित करताना दोन चलांच्या गुणाकाराचं पद वापरलं होतं, पण ते पद म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध असं त्यांनी कुठे मांडलं नाही. ती कल्पना इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांची, साधारण 1888 ची. आज शाळा-कॉलेजात शिकवतात ते सूत्र कार्ल पीअरसन यांनी 1895-96 च्या सुमारास पक्कं केलं. गंमत म्हणजे पीअरसन यांनी 1896 मध्ये श्रेय ब्रावेंना दिलं आणि 1920 मध्ये ते परत घेऊन गाल्टनकडे वळवलं. सूत्राचा आकार कोणी आधी लिहिला यापेक्षा त्याचा अर्थ कोणी ओळखला हे धरलं तर गाल्टनची बाजू जड वाटते.

सौद्यांच्या हिशोबात हे माप कोणी आणलं, यावरही तसंच आहे. सहसा अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांचं गुंतवणूक वाटून ठेवण्यावरचं 1952 चं काम सांगितलं जातं, आणि त्यासाठी त्यांना 1990 मध्ये नोबेलही मिळालं. त्याच वर्षी, म्हणजे 1952 मध्येच, ए. डी. रॉय यांनी जवळपास तेच गणित स्वतंत्रपणे छापलं होतं. त्याच्याही आधी 1940 मध्ये ब्रुनो दे फिनेत्ती यांनी इटालियनमध्ये विमा कंपन्यांच्या जोखमीसाठी एकमेकांत गुंतलेल्या धोक्यांचा हिशोब मांडला होता, पण तो इंग्रजी वाचकांपर्यंत पोचायला सहा दशकं गेली. मार्कोविट्झ यांनी 2006 मध्ये दे फिनेत्तींचा अग्रक्रम उघडपणे मान्य केला, मात्र कोरिलेशन असलेल्या धोक्यांचं कोडं तिथे पूर्ण सुटलेलं नव्हतं हेही दाखवलं. म्हणून दे फिनेत्ती पहिले आणि मार्कोविट्झ पूर्ण, असं म्हणणं बरोबर राहील.

हिशोब तसा छोटा आहे. समजा सौदे n आहेत, प्रत्येकाची महिन्याची साधारण वरखाली R रुपये आहे आणि कोणत्याही दोन सौद्यांमधलं सरासरी कोरिलेशन r आहे. मग सगळ्यांची मिळून वरखाली अशी:

```
एकूण = R × √( n + n(n-1)r )
खरे सौदे = n / ( 1 + (n-1)r )
```

दुसरी ओळ जास्त कामाची, कारण कागदावर पाच दिसणारे सौदे खरं म्हणजे किती आहेत ते ती सांगते.

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावचा कृषी केंद्रवाला घ्या. स्वतःच्या शेतातलं सोयाबीन त्याने भाव चढेल म्हणून गोदामात ठेवलंय. वायद्यात सरकी ढेप घेतलीय, कारण अकोल्याची ढेप हा त्याच्या रोजच्या माहितीतला माल. डिमॅटमध्ये सोयाबीन गाळणाऱ्या एका कंपनीचे आणि एका ट्रॅक्टर कंपनीचे शेअर आहेत. शिवाय खत-बियाण्याची उधारी पंचवीस-तीस शेतकऱ्यांकडे अडकलीय, आणि ती सोयाबीन विकल्यावरच सुटणार. ही उधारी पोझिशनमध्ये कोणी धरत नाही, पण ती पोझिशनच आहे.

पाचही ठिकाणी महिन्याची वरखाली 40 हजार धरू. तो मनात म्हणतो की पाच वेगळे धंदे आहेत, एक बुडाला तर दुसरा तारेल. कोरिलेशन खरंच 0 असतं तर एकूण वरखाली साधारण 89 हजार झाली असती, म्हणजे त्याचं बरोबर. पण सरासरी 0.7 धरलं की तोच आकडा 1 लाख 74 हजारावर जातो आणि खरे सौदे निघतात 1.3. 89 हजाराचीच झळ सोसायची तयारी असेल तर प्रत्येक सौदा 40 ऐवजी साधारण साडेवीस हजाराच्या वरखालीचा ठेवावा लागतो, म्हणजे जवळपास अर्धा.

आता 0.7 इतकं का धरायचं, ते बघू. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे पेंड निघते. सोयाबीनचा भाव या दोघांच्या भावावर चालतो, आणि तेलाचा भाव बऱ्याच अंशी आयात तेलावर, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क 0 वरून 20 टक्क्यांवर नेलं आणि मे 2025 च्या अखेरीस ते 10 वर आणलं. असं शुल्क उतरलं की आयात तेल स्वस्त, गाळणाऱ्याला तेलातून कमी पैसे, म्हणून तो बाजार समितीत सोयाबीन कमी भावाने मागतो, मग गोदामातला माल उतरतो, शेतकऱ्याच्या हातात कमी येतं, उधारी पुढच्या हंगामावर जाते आणि ट्रॅक्टरची नोंदणीही मागे पडते. ढेपेचा धागा थोडा सैल आहे, पण तीसुद्धा पशुखाद्यच, आणि डीओसी स्वस्त झाली किंवा इथेनॉल कारखान्यातून निघणारा मक्याचा चोथा बाजारात आला की ढेपेवरही दाब येतो. एका अधिसूचनेने पाचही हलतात.

यात शेअर नीट पाहून घ्यावा लागतो. सोयाबीन गाळणारी कंपनी आणि आयात कच्चं तेल शुद्ध करणारी कंपनी, दोघींना लोक तेलवालेच म्हणतात, पण मे 2025 च्या बदलात शुद्ध तेलावरचं शुल्क तसंच राहिलं आणि फक्त कच्च्यावरचं उतरलं, त्यामुळे दुसरीला फायदा व्हायची जागा होती. कृषी केंद्रवाल्याकडे पहिलीऐवजी दुसरी असती तर तो सौदा बाकीच्यांना खरंच थोडा आधार देऊ शकला असता. नाव आणि क्षेत्र सारखं असलं तरी दिशा वेगळी निघते, म्हणून "पैसा नेमका कुठून येतो" हे प्रत्येक सौद्याला विचारावं.

पावसाचा धोका याहून फसवा आहे. पाऊस कमी पडला तर पीक कमी, भाव जास्त, म्हणजे उधारी बुडाली तरी गोदामातलं सोयाबीन भरून काढेल, असं खूप जण धरून चालतात. हे तेव्हाच खरं जेव्हा दुष्काळ सगळीकडे असतो. सोयाबीनचं मोठं क्षेत्र मध्य प्रदेशात आहे आणि जगाचा भाव ब्राझील-अमेरिकेच्या पिकावर ठरतो, त्यामुळे फक्त आपल्या तालुक्यात पाऊस रुसला, किंवा काढणीच्या वेळी लागून राहिला, तर उधारी बुडते आणि भाव मात्र जागचा हलत नाही. भिजलेल्या मालाला ओलाव्याची कपात लागते ती वेगळीच.

संकटात कोरिलेशन वाढतं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. फोर्ब्स आणि रिगोबॉन यांनी 2002 मध्ये दाखवलं की बाजाराची वरखाली वाढली की मोजलेलं कोरिलेशन आपोआप फुगतं, ती फूग काढली तर मूळ संबंध फारसा बदललेला दिसत नाही. लाँजिन आणि सोल्निक यांना 2001 मध्ये वेगळं दिसलं: मोठ्या पडझडीत बाजार एकमेकांना जास्त चिकटतात, तेजीत तसं होत नाही. संख्याशास्त्राच्या अंगाने पहिलं म्हणणं काटेकोर आहे, पण ज्याला मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, भरायचीय त्याने दुसरं धरून चालणं सुरक्षित, कारण तोटा फुगवलेल्या आकड्याप्रमाणेच कापला जातो. 1998 मध्ये रशियाने 17 ऑगस्टला कर्ज थकवल्यावर लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडाचे देशोदेशीचे सौदे एकदम उलटले आणि शेवटी 14 बँका-दलालांना मिळून सुमारे 3.6 अब्ज डॉलर घालावे लागले. मार्च 2020 मध्ये 23 तारखेला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडला, आणि त्याच महिन्याच्या मधल्या दिवसांत जगाच्या बाजारात सोनंसुद्धा खाली आलं होतं, कारण मार्जिन भरायला लोक जे विकलं जाईल ते विकत होते. एकाच खात्यातून मार्जिन जातं तेव्हा ज्यांचा आपसात काही संबंध नाही असे सौदेही जोडले जातात.

काही जोड तर कोणत्याच आकड्यात दिसत नाहीत. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन, गहू, भात, मूग आणि कच्चं पाम तेल यांचे वायदे थांबवले, आणि ती बंदी नंतर वाढत गेली. आदल्या दिवशीपर्यंत गहू आणि सोयाबीन हे दोन वेगळे सौदे होते, त्या दिवशी दोन्हींत नवी खरेदी करता येईना.

मोजायचं तर भावावर मोजू नये, रोजच्या टक्केवारी बदलावर मोजावं. वर चढत राहणाऱ्या कोणत्याही दोन रांगांत खोटं कोरिलेशन निघतं, हे संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी 1926 मध्येच दाखवून ठेवलंय. शीटमध्ये एका उभ्या रांगेत एका सौद्याचे आणि दुसऱ्या उभ्या रांगेत दुसऱ्याचे साठ बदल टाकून:

```
=CORREL(B2:B61, C2:C61)
```

जो सौदा विकलेला आहे त्याचं चिन्ह उलटं करून वाचावं. यासोबत एक साधी तपासणी करावी: एका सौद्याचे सगळ्यात वाईट दहा दिवस काढावे आणि त्या दिवशी बाकीच्यांनी काय केलं ते बघावं. साठ दिवसांच्या सरासरीत 0.3 दिसणारी जोडी या दहा दिवसांत कधीकधी सोबतच पडलेली सापडते.

तालुक्याच्या बाजार समितीचे भाव वापरताना एक अडचण येते. तिथे सुट्टी, कमी आवक, कधी हमालांचा बंद, यामुळे दोन-तीन दिवस तोच भाव लिहिलेला असतो, आणि शेअर मात्र रोज हलतो. अशा दोन रांगांचं रोजचं कोरिलेशन 0.1 वगैरे येतं आणि संबंध नाही असा समज होतो. तेच आठवड्याच्या बदलावर मोजलं की आकडा वर जातो, म्हणून ग्रामीण बाजारातल्या मालासाठी आठवड्याचाच आकडा धरावा. उधारीला तर भावच नसतो, तिथे मागच्या तीन-चार हंगामांची वही काढून कोणत्या वर्षी किती वसूल झाली आणि त्या वर्षी सोयाबीन काय भावाने गेलं, एवढं समोरासमोर लिहावं लागतं.