रात्रीची गरम आंघोळ आणि झोप: मिक्सर वाढवण्याआधी घड्याळ पाहा

नवा गिझर आणि मिक्सर बसवून दिला की आठवड्याभरात हमखास फोन येतो, “पाणी कडक येत नाही. झोपताना आंघोळ करतो, तरी झोप लागत नाही. जरा वाढवून द्या.” आमचा माणूस येतो, नळाखाली थर्मामीटर धरतो, तर पाणी ४१ अंश. म्हणजे हवं तेवढंच. खोट बहुतेक वेळा आंघोळीच्या वेळेत असते.

झोप जवळ आली की शरीराचं आतलं तापमान आपोआप थोडं उतरू लागतं. कोमट-गरम पाण्याने तळहात-तळपायांकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. गरम आंघोळ शरीर थंड करते हे ऐकायला उलटं वाटतं, पण झोपेला मदत होते ती या नंतरच्या उताराची. त्याला वेळ लागतो. अंथरुणावर पडायच्या पाच मिनिटं आधी आंघोळ केली, तर तुम्ही अजून तापलेलेच असता. वर पांघरूण घेतलं की घाम येतो आणि कूस बदलत राहता.

एका ग्राहकांनी दोनदा आमचा माणूस बोलावला. ते अकराला झोपायचे, आंघोळ साडेदहाला, तीही अर्धा तास. आम्ही मिक्सरला हात लावला नाही. आंघोळ साडेनऊला घ्या, दहा मिनिटं पुरे, मग सैल कपडे घालून बसा, एवढंच सांगितलं. तिसरा फोन आला तो त्यांच्या भावाकडे गिझर बसवायचा म्हणून.

२०१९ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. ४० ते ४२.५ अंशांचं पाणी, झोपेच्या एक ते दोन तास आधी, किमान दहा मिनिटं, असा त्याचा निष्कर्ष होता. झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते. जुनाट निद्रानाश यानं जाईल असं आम्ही सांगत नाही. आंघोळीला वेळ नसेल तर नुसते पाय गरम पाण्यात बुडवून बसलात तरी थोडा उपयोग होतो.

मिक्सरची कमाल मर्यादा आम्ही ४२ वर लावतो, त्यावर काही जण नाराज होतात. पण त्याहून कडक पाण्यात छाती धडधडते, उठताना चक्कर येते, शिवाय शरीर निवायलाही जास्त वेळ लागतो. रक्तदाब कमी असेल, हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

टाकीचं तापमान मात्र स्वतः उतरवू नका. टाकीत पाणी ६० अंशांवर राहिलं तर जंतू वाढत नाहीत. ते अंगावर किती गरम यावं हे मिक्सरने ठरवायचं. साध्या नळावर रोज अंदाजाने पाणी जुळवत असाल, तर तापमान स्वतः राखणारा मिक्सर जुन्या गिझरलाही बसतो. बसवताना तुमच्यासमोरच थर्मामीटर लावून दाखवतो.