टाचणातील सुसंगती

टाचणातील सुसंगती म्हणजे एका तासिकेसाठी लिहिलेले उद्दिष्ट, त्या तासिकेत मुलांनी करायची कृती आणि शेवटी घ्यायचे मूल्यमापन या तिन्हींनी एकाच गोष्टीविषयी बोलणे. उद्दिष्टात ‘अंतर काढतो’ असे लिहिले असेल, तर तासाला मुलांनी अंतर काढले पाहिजे आणि शेवटचा प्रश्नही अंतर काढायला लावणारा हवा. ऐकायला हे अगदी साधे वाटते. तरीही टाचणवही मुख्याध्यापकांकडे किंवा पर्यवेक्षकांकडे सहीला गेली की लाल शाईचा शेरा पडतो तो बहुधा इथेच: ‘मूल्यमापन उद्दिष्टानुसार नाही.’

कल्पना जुनी आहे. आधी उद्दिष्टे ठरवावीत, मग अनुभव निवडावेत आणि शेवटी उद्दिष्टे साधली का ते तपासावे, ही मांडणी राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये केली. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये तिला नवे नाव दिले आणि एक महत्त्वाची भर घातली: शिक्षकाने काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याने काय केले यावर शिकणे ठरते, म्हणून कृती हा मधला दुवा सर्वांत जड. आपल्याकडे बी.एड. करताना प्रत्येकाने ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही चौकडी आणि तिच्याखालची ‘स्पष्टीकरणे’ लिहिलेली असतात. ती बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाच्या वळणाची आहे. अडचण अशी की स्पष्टीकरणांच्या याद्या तयार मिळतात आणि पाठ कोणताही असो, त्या जशाच्या तशा उतरवल्या जातात. एकाच पस्तीस मिनिटांच्या तासात मूल स्मरण करते, तुलना करते, कारण शोधते, निष्कर्ष काढते आणि कौशल्यही मिळवते, असे टाचण सांगते. वर्गात त्यातले एखादेच घडते.

एक टाचण, जवळून

उदाहरणाला आठवीच्या भूगोलातला ‘नकाशाप्रमाण’ हा पाठ घेऊ. नागपूरच्या मुलांसाठी त्याला एक सोय आहे. झिरो माइलचा खांब त्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे ‘अंतर कुठून मोजायचे’ हा प्रश्न त्यांना पोकळ वाटत नाही. नेहमीचे टाचण साधारण असे दिसते:

उद्दिष्ट: विद्यार्थ्यांना नकाशाप्रमाणाचे आकलन होणे व त्याचे उपयोजन करता येणे.
कृती: शिक्षक फळ्यावर शब्दप्रमाण, अंकप्रमाण व रेषाप्रमाण समजावून सांगतील. विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील व वहीत नोंद करतील.
मूल्यमापन: नकाशाप्रमाण म्हणजे काय? त्याचे प्रकार कोणते?

वरवर पाहता तिन्ही रकाने भरलेले आहेत आणि विषयही एकच आहे. पण उद्दिष्टात उपयोजन आहे, कृतीत ऐकणे आहे आणि मूल्यमापनात आठवणे आहे. असे टाचण घेऊन आलेल्या एका नव्या सरांना मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले होते, “सर, तुम्ही बोलून राहिले हे दिसते. पोरं काय करून राहिले?” सुसंगती तपासणारा याहून नेमका प्रश्न नाही. ‘लक्षपूर्वक ऐकतील’ ही कृती नव्हे, कारण ती घडली की नाही हे कुणालाच दिसत नाही.

दुरुस्ती शेवटच्या रकान्यापासून करावी. आधी विचारायचे: तास संपताना मुलाच्या हातून कोणता कागद आला तर त्याला नकाशाप्रमाण वापरता येते असे आपण मानू? उत्तर असे निघू शकते: नकाशावरच्या दोन ठिकाणांमधल्या वळणदार रस्त्याची लांबी दोऱ्याने मोजून प्रत्यक्ष अंतर किलोमीटरमध्ये लिहिलेला कागद. हे ठरले की उद्दिष्ट आपोआप सरळ होते:

‘१ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा, दोरा व मोजपट्टी दिल्यास विद्यार्थी दोन ठिकाणांमधील रस्त्याचे प्रत्यक्ष अंतर काढतो, उत्तर १०० मीटरच्या फरकात बरोबर असते.’

यात तीन गोष्टी आल्या. हातात काय दिले आहे, मूल काय करते आणि कितपत बरोबर असले म्हणजे चालेल. तिसरी गोष्ट टाचणात जवळजवळ नेहमीच राहून जाते आणि मग तपासताना वाद होतो. १०० मीटर हा आकडा हवेतून आणलेला नाही. १ : ५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेमी हा जमिनीवरचे ५०,००० सेमी, म्हणजे अर्धा किलोमीटर. वळणावर दोरा दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतोच आणि त्या प्रमाणात दोन मिलिमीटर म्हणजे १०० मीटर. हातात साधा दोरा असताना याहून कडक अट घातली, तर परीक्षा भूगोलाची न राहता बोटांच्या चपळाईची होते.

आता कृती. मुले जोडीने बसतात. झिरो माइलपासून अंबाझरी तलावापर्यंतचा रस्ता दाखवणारा नकाशा प्रत्येक जोडीकडे असतो. एक जण दोरा वळणावळणाने धरतो, दुसरा खूण करून तो पट्टीवर ताणतो. समजा दोरा १०.४ सेमी भरला, तर अंतर ५.२ किमी. शिक्षक हे फळ्यावर एकदाच करून दाखवतात आणि मग दुसरा रस्ता मुलांवर सोडतात. दाखवायला आठ मिनिटे, जोड्यांच्या कामाला पंधरा, उत्तरे ताडून पाहायला पाच आणि प्रत्येक मुलाने शेवटी एकट्याने सोडवायच्या मूल्यमापनाच्या चिठ्ठीला सात, एवढ्यात पस्तीस मिनिटे संपतात. तीनही प्रकारांच्या व्याख्या या तासात बसत नाहीत. त्या आदल्या तासाला घ्याव्यात किंवा गृहपाठात टाकाव्यात. हे धैर्य टाचण लिहिणाऱ्याला दाखवावेच लागते.

जुळणारे शब्द, न जुळणारे काम

दुरुस्त टाचणातही एक सापळा उरतो. चिठ्ठीत पुन्हा झिरो माइल ते अंबाझरी हेच अंतर विचारले, तर क्रियापद जुळते, पण मूल पाच किलोमीटर दोनशे मीटर हे ऐकलेले उत्तर आठवून लिहिते. कागदावर उपयोजन, प्रत्यक्षात स्मरण. उपयोजन तपासायचे तर सामग्री नवी हवी. तासाला नागपूर शहराचा नकाशा वापरला असेल, तर चिठ्ठीवर रामटेक परिसराचा तुकडा द्यावा आणि तोही वेगळ्या प्रमाणाचा. १ : १,००,००० घेतले तर १ सेमीला १ किमी पडतो आणि हिशेब सोपा राहतो, फक्त दोन मिलिमीटरला तिथे २०० मीटरची सूट धरावी लागते. सोपा ठेवायचा तो मुद्दाम. ‘१ : ६३,३६०’ सारखे अवघड प्रमाण दिले तर दशांश गुणाकारात अडकलेले मूल आणि प्रमाण न समजलेले मूल यांची चुकलेली उत्तरे सारखीच दिसतात. शिक्षकाला मग पुढच्या तासाला काय करावे ते कळत नाही.

‘तुलना करतो’ या लाडक्या स्पष्टीकरणाचेही असेच होते. फरकाचा तक्ता फळ्यावर लिहून दिला आणि परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ विचारले, की ती पाठांतराची परीक्षा झाली. म्हणून क्रियापदाखाली रेघ मारून दोन्हीकडे तोच शब्द आहे एवढेच पाहणारी तपासणी फार उपयोगाची नाही. अशी तपासणी होते हे कळले की शिक्षकही शब्द जुळवून देतात आणि शिकवायचे तसेच शिकवतात.

या पाठात आकलन तपासणारा एक सुंदर प्रश्न झेरॉक्स यंत्रातून मिळतो. ए-४ आकाराचा नकाशा ए-३ वर मोठा केला तर प्रत्येक लांबी सुमारे १.४१ पट होते. आधीचा १०.४ सेमीचा रस्ता आता १४.७ सेमी भरतो. खाली छापलेले १ : ५०,००० मात्र तसेच राहते. त्यावर विसंबून काढले तर अंतर ७.३५ किमी येते, म्हणजे अंबाझरी दोन किलोमीटर लांब गेले. नकाशाखालची रेषा मात्र नकाशाबरोबर मोठी होते, त्यामुळे रेषाप्रमाणाने मोजणाऱ्याचे ५.२ कायम राहते. ‘दोघांची उत्तरे वेगळी का आली?’ हा प्रश्न पाठ केलेल्या व्याख्येवर सुटत नाही. पण तो विचारायचा तर उद्दिष्टात तशी ओळ हवी आणि तासाला मुलांनी मोठी केलेली प्रत हाताळलेली हवी. नाहीतर प्रश्न कितीही चांगला असला तरी तो न शिकवलेल्यावर विचारलेला प्रश्न ठरतो. हाच प्रकार नकळतही घडतो. कागद लहान दिसतो म्हणून शिक्षक नकाशा मोठा करून आणतात, उत्तरपत्रिका मूळ नकाशावरून बनवतात आणि बरोबर मोजलेल्या मुलांची उत्तरे चुकीची ठरतात. वर्गातल्या बहुतेक जोड्यांचे उत्तर एकाच प्रमाणात जास्त येत असेल, तर मुलांकडे बघण्याआधी झेरॉक्सकडे बघावे.

वही तपासताना

मुख्याध्यापकांपुढे पंधरावीस वह्यांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येकीला चारपाच मिनिटे. एवढ्यात चालणारी एक रीत अशी: उद्दिष्टाचा रकाना हाताने झाकायचा, फक्त मूल्यमापनाचे प्रश्न वाचायचे आणि उद्दिष्ट काय असेल ते ओळखायचे. हात काढल्यावर तेच निघाले तर ते टोक जुळले. मग कृतीचा रकाना वाचून कर्ता शोधायचा. ‘शिक्षक सांगतील, दाखवतील, विचारतील’ अशीच वाक्ये असतील तर मुलांचे काम कुठे आहे असा शेरा द्यायचा. दोन्ही गोष्टी नीट असल्या तर शेवटी वेळेची बेरीज करायची.

वेळेच्या बेरजेला नागपुरात वेगळे वजन आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस, राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात आणि मार्च उजाडला की सकाळची शाळा होऊन तासिका आखडतात. वर्षाच्या आरंभी पस्तीस मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेले टाचण मार्चमध्ये तसेच वापरले, की सगळ्यांत आधी कापली जाते ती शेवटची चिठ्ठी. टाचणात मूल्यमापन असते, वर्गात होत नाही. वहीवर सही झालेली असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नाही. यासाठी काही मुख्याध्यापक वहीसोबत मागच्या आठवड्याच्या दोनतीन चिठ्ठ्याही मागवतात. चिठ्ठी असली तर आकारिक मूल्यमापनाची नोंदही तिच्यावरूनच करता येते, वेगळा कागद रंगवावा लागत नाही.

प्रत्येक उद्दिष्टाला त्याच तासाची चिठ्ठी मागू नये, हेही तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे. नकाशा वाचायची आवड लागणे, क्षेत्रभेटीला निघताना स्वतःहून नकाशा काढणे या गोष्टी घटकभर किंवा वर्षभर निरीक्षणानेच कळतात. त्या रोजच्या टाचणात न लिहिता घटक नियोजनात लिहिलेल्या बऱ्या. तिथे त्यांच्यासमोर ‘दैनंदिन निरीक्षण’ असे लिहिले, तर ते जुळणारेच मूल्यमापन असते.