नवीन खर्चाची बाब अंदाजपत्रकात कशी येते: प्रस्तावापासून लेखापरीक्षणापर्यंत

एखाद्या सरकारी विभागाला नवीन काम सुरू करायचे आहे, तर पैसे कुठून आणि कधी मिळतात? 'अंदाजपत्रकात तरतूद झाली' एवढे ऐकून अनेकांना वाटते की आता पैसे हातात आले. तसे होत नाही. तरतूद ही फक्त खर्चाची कमाल मर्यादा असते. ती मिळेपर्यंत काय करायचे आणि मिळाल्यावर काय करायचे नाही, हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एका विभागाला पाणी तपासणीची प्रयोगशाळा बांधायची आहे. इमारतीला २०० लाख आणि उपकरणांना ४० लाख, असा एकूण २४० लाखांचा खर्च आहे.

प्रस्ताव कोण पाठवू शकतो आणि कधी

नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या बरेच महिने आधी वित्त विभागाचे परिपत्रक निघते. त्यात प्रत्येक विभागाची खर्चमर्यादा, विवरणपत्रांचे नमुने आणि शेवटची तारीख असते. वर्ष कधी सुरू होते हे देशागणिक बदलते. भारतात १ एप्रिल, ऑस्ट्रेलियात १ जुलै, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारात १ ऑक्टोबर. प्रस्ताव विभागप्रमुखामार्फत जातो. खालच्या कार्यालयाने थेट वित्त विभागाकडे पाठवलेला कागद बहुधा 'योग्य मार्गाने सादर करा' असा शेरा मारून परत येतो.

पात्रतेची पहिली कसोटी म्हणजे बाब खरोखर नवीन आहे का. चालू असलेल्या योजनेत बसणारा खर्च असेल तर तो नियमित अंदाजातच मागायचा. दुसरी कसोटी, हे काम विभागाच्या कायदेशीर अधिकारात येते का. तिसरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते: मागितलेला पैसा त्याच वर्षात खर्च होऊ शकतो का?

कागदपत्रे

कामाची गरज सांगणारे टिपण, मंजूर दरांवर आधारलेला तांत्रिक अंदाज, जागा ताब्यात असल्याचा पुरावा, सक्षम अधिकाऱ्याची प्रशासकीय मान्यता आणि मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाचे विवरण, एवढे साधारणपणे लागते. यांतल्या जागेच्या पुराव्यावर जास्तीत जास्त प्रस्ताव अडतात. 'जागा मिळण्याची कार्यवाही सुरू आहे' हे वाक्य वित्त विभागातल्या माणसाला पाठ असते आणि त्याचा अर्थही त्याला ठाऊक असतो.

आणखी एक कागद हमखास राहून जातो, तो आवर्ती दायित्वाचा. प्रयोगशाळा उभी राहिली की तिला कर्मचारी, रसायने, वीज आणि देखभाल लागणारच. आपल्या उदाहरणात हा खर्च दर वर्षी ३० लाख धरू. हा आकडा लपवला तर इमारत होते, पण तंत्रज्ञांची पदे मंजूर नसल्याने दाराला कुलूप राहते.

मागणी किती करायची

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे पहिल्याच वर्षी २४० लाख मागणे. हिशेब असा करावा. वर्षाच्या सुरुवातीला मंजुरी मिळाली तरी नकाशे, निविदा आणि कार्यादेश यांत पाच-सहा महिने जातात. उरलेल्या काळात फार तर इमारतीचे चौथाई काम होईल, म्हणजे ५० लाख. दुसऱ्या वर्षी ११० लाख. तिसऱ्या वर्षी इमारतीचे उरलेले ४० आणि उपकरणांचे ४०, मिळून ८० लाख. चौथ्या वर्षापासून आवर्ती ३० लाख. ही विभागणी जोडलेला प्रस्ताव वित्त विभागाच्या चर्चेत टिकतो, कारण त्यात कापण्यासारखे फारसे उरत नाही. तरी थोडे कापले जातेच. समजा, ५० चे ४० झाले.

विधिमंडळात

मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर अंदाजपत्रक सभागृहात मांडले जाते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते वर्ष सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी मांडलेले असावे. सर्वत्र हे पाळले जात नाही. संसदीय पद्धतीत सभागृह विभागवार अनुदानाच्या मागण्यांवर मतदान करते. आपली प्रयोगशाळा त्या मागणीतली एक ओळ असते आणि तिच्यावर स्वतंत्र चर्चा क्वचितच होते. मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन कायदा होतो. तिजोरीतून पैसा निघतो तो या कायद्याच्या आधाराने.

कायदा वेळेत झाला नाही तर? काही संसदा तेवढ्या महिन्यांपुरते लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती आगाऊ मंजुरी, देतात. जर्मनीच्या राज्यघटनेत अशा काळातला अत्यावश्यक खर्च चालू ठेवण्याची सोय आहे. अमेरिकेत मात्र मंजुरीअभावी कार्यालये बंद पडतात. २०१८-१९ मध्ये हे ३५ दिवस चालले. लेखानुदानाच्या काळात नवीन बाबीवर सहसा खर्च करता येत नाही, हे आपल्या प्रयोगशाळेने लक्षात ठेवावे.

वर्ष सुरू झाल्यावर

४० लाखांची तरतूद हाती आहे, पण निधी वितरणाचा आदेश आणि खर्चाची मंजुरी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. समजा, निविदेला उशीर झाला. दहाव्या महिन्यापर्यंत २८ लाख खर्च झाले आणि वर्षअखेरपर्यंत आणखी ६ लाखांचेच काम होईल असे दिसते. म्हणजे ६ लाख उरणार. वर्ष संपले की न खर्चलेली तरतूद बहुतेक ठिकाणी व्यपगत होते, म्हणजे ती आपोआप संपते.

बरोबर मार्ग म्हणजे हे ६ लाख ठरलेल्या तारखेपर्यंत वित्त विभागाला समर्पित, म्हणजे परत, करणे आणि पुढच्या वर्षाच्या मागणीत पुन्हा धरणे. त्याच मागणीतल्या दुसऱ्या मंजूर बाबीला कमी पडत असेल तर पुनर्विनियोजनाने तिकडे वळवता येतात. पण विधिमंडळापुढे न आलेली नवी बाब त्यातून सुरू करता येत नाही. त्यासाठी पूरक मागणी लागते.

चुकीचा मार्ग फार मोहक असतो. शेवटच्या आठवड्यात ६ लाखांची उपकरणे 'खरेदी' करायची आणि पैसे देऊन टाकायचे. इमारत अजून जोत्याच्या वर आलेली नसते.

लेखापरीक्षणात हे कसे सापडते

लेखापरीक्षक आधी महिनावार खर्च पाहतो. शेवटच्या महिन्यात उसळी दिसली की त्या महिन्याची देयके मागवतो. मग तीन तारखा शेजारी ठेवतो: देयक अदा झाल्याची, पुरवठादाराच्या चलनाची आणि साठा नोंदवहीतली. पैसे दिल्यानंतर दोन महिन्यांनी माल आल्याचे दिसले की आक्षेप तयार. त्यातून उपकरणे खोक्यातच पडून राहिली आणि हमीची मुदत तिथेच संपली, तर तो आक्षेप अहवालातल्या परिच्छेदापर्यंत जातो. पैसे व्यपगत होऊ नयेत म्हणून काढून एखाद्या ठेव खात्यात ठेवणे हा तर त्याहून गंभीर प्रकार मानला जातो.

दुसरीकडे विनियोजन लेखे तयार होतात. त्यांत मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडलेले असतात. बचतही स्पष्टीकरणाशिवाय सुटत नाही. आपले ६ लाख वेळेत समर्पित केले असतील तर 'निविदेस विलंब' हे एक ओळीचे कारण पुरते. समर्पण न करता ते पडून राहिले असतील तर प्रश्न उरतो की ही रक्कम दुसऱ्या कामाला का मिळू दिली नाही.

लेखापरीक्षणाचा अहवाल सभागृहात मांडला जातो आणि पुढे सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या सदस्यांच्या लोकलेखा समितीकडे जातो. ब्रिटनमध्ये ही समिती १८६१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याची प्रथा अनेक संसदांनी उचलली. समितीसमोर विभागाच्या सचिवांना बसावे लागते. तोपर्यंत खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि मूळ फाइल शोधण्यात आठवडे जातात. म्हणून कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, चलन आणि समर्पणाचे पत्र यांच्या प्रती प्रस्तावाच्या मूळ फाइलीतच लावून ठेवाव्यात. समिती जे कागद मागते, ते बहुधा हेच असतात.